जैन जेवणात प्रोटीन बसवून चरबी कमी कशी करायची: म्हापशातल्या आमच्या स्वयंपाकघरातून

माझी धाकटी जाऊ एक दिवस वजनकाट्यावरून उतरली आणि वैतागून म्हणाली, ताई, मी कांदा खात नाही लसूण खात नाही बटाटा तर लग्नाआधीपासून बंद, रात्री काही खात नाही, मग हे चौऱ्याहत्तर किलो आले कुठून? मी आहारतज्ज्ञ आहे त्यामुळे हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतंच, पण घरातलीच विचारते तेव्हा वरवरचं उत्तर देऊन चालत नाही, संध्याकाळी परत तिच्याच हातची भाजी खायची असते. मग बसले वही घेऊन. पुढं जे लिहिलंय ते तिच्यासाठी केलेलं आहे, आकडे पण तिचेच आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा.

आधी आमच्या घराचं सांगते. आम्ही कोल्हापूरकडचे दिगंबर जैन, गोव्यात येऊन बरीच वर्षं झाली. इथं हॉटेलात गेलं की पहिली गडबड होते ती 'शिवराक' या शब्दावरून. गोव्यात शिवराक म्हणजे मासळी-मटणाशिवायचं, देवाच्या जेवणाला तर कांदा-लसूण पण नसतो, म्हणून नवीन माणसाला वाटतं चला आपलं झालं. पण त्याच देवळाच्या जेवणात खतखतं असतं आणि खतखत्यात सुरण, कणगी, मुळा सगळे कंद हजर. भाजी-पावातल्या पातळ भाजीत बटाटा असतोच. त्यामुळे 'जैन द्या' म्हटल्यावर 'कांदो-लसूण ना' एवढंच ऐकून बसू नका, बटाटा-गाजर-मुळा-बीट-आलं एकेक नाव घेऊन विचारा.

पहिलं काम: किती प्रोटीन पाहिजे ते ठरवणं

आपल्याकडे आयसीएमआरचा जो आकडा आहे तो किलोमागे ०.८३ ग्रॅम, पण तो तब्येत बरी असलेल्या माणसाची रोजची गरज भागावी म्हणून आहे. वजन उतरवताना खाणं कमी करतो तेव्हा शरीर चरबीबरोबर स्नायू पण मोडायला लागतं, ते रोखायला जरा जास्त लागतं, किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम. आणि हे गुणायचं आत्ताच्या वजनाशी नाही, जिथं पोचायचंय त्या वजनाशी, कारण चरबीला प्रोटीन लागत नाही.

जाऊ ३६ वर्षांची, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ७४. पोचायचंय ६२ ला. म्हणजे खालचा आकडा साधारण ७५, वरचा ९९, आम्ही ८० धरला कारण जैन ताटात ८० ग्रॅम नीट बसतात, ९५ साठी रोज पावडर लागेल आणि तिला ते नको होतं. कॅलरी म्हणाल तर बसून काम, घरचं काम, थोडं चालणं असं धरून तिला दिवसाला १९०० च्या आसपास लागतात, त्यातून ४०० कमी केले, १५००. यापेक्षा खाली जाऊ नका, खाली गेलं की चौथ्या दिवशी फरसाणाचा डबा आपोआप उघडतो.

किडनीचा आजार असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्र हा हिशेब लावू नका, आधी डॉक्टरला विचारा.

आता खाताय ते मोजा, आणि वरण मोजा

तिचा एक नेहमीचा दिवस लिहून काढला. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे आणि चहा, दुपारच्या डब्यात दोन चपात्या, कच्च्या केळ्याची भाजी, वरण-भात, चारला चहा-खारी, संध्याकाळी दोन चपात्या आणि काजू-खोबऱ्याच्या ग्रेव्हीतली भाजी थोडं पनीर घालून. ऐकायला भरलेलं ताट वाटतं ना? प्रोटीन भरलं ४१ ग्रॅम. कॅलरी १९०० च्या वर.

तिचा विश्वासच बसेना. म्हणाली, अहो पण मी रोज वरण घेते! तेव्हा मी तिला एक करायला सांगितलं, तुम्ही पण करून बघा. शिजलेलं वरण वाटीत ओतायचं आणि हात न लावता दहा मिनिटं ठेवायचं. डाळ खाली बसते, वर पिवळं पाणी तरंगतं. आमच्या वाटीत डाळ तळाला बोटभर पण नव्हती. पाच माणसांना कुकरमध्ये एक छोटी वाटी तूरडाळ, म्हणजे साधारण ८० ग्रॅम, माणशी आली १६ ग्रॅम, त्यातून प्रोटीन साडेतीन ग्रॅम. डाळीत प्रोटीन भरपूर असतं हे खरंच आहे, १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २१ ते २४ ग्रॅम, पण १०० ग्रॅम डाळ आपण खातो कुठे, डाळीचं पाणी पितो.

म्हणून या सगळ्यातली एक गोष्ट पक्की करायची, डाळ-कडधान्य कच्चं असताना मोजायचं, माणशी मोजायचं. मुख्य जेवणाला माणशी ६० ग्रॅम कोरडं. किचनचा छोटा काटा आणा, एकदा ६० ग्रॅम मोजून घरातल्या एखाद्या वाटीत ओता आणि कुठवर येतंय बघा, मग ती वाटी हेच माप, रोज काटा काढायची गरज नाही. ६० ग्रॅम अळसांदे, म्हणजे इथली मोठी चवळी, किंवा मूग शिजून मोठी वाटी भरून होतात, त्यात १३-१४ ग्रॅम प्रोटीन आणि २०० कॅलरी.

आपले नियम धरून प्लॅन कसा बसवायचा

जिमवाल्यांचे प्लॅन आपल्याला लागू होत नाहीत याचं कारण कांदा-लसूण नाहीच, तो तर काढून टाकता येतो. खरी अडचण असते ती वासी, द्विदल आणि सूर्यास्त या तिघांची.

वासी अन्न आपण खात नाही, त्यामुळे रविवारी पाच डबे शिजवून फ्रिजमध्ये ठेवा हा सल्ला पहिल्याच ओळीत बाद. त्याच्याऐवजी आम्ही कोरडी तयारी करतो. रविवारी कडधान्यं निवडून माणशी ६० ग्रॅमच्या हिशेबानं छोट्या डब्यांत भरून ठेवायची, डब्यावर वार लिहायचा. आदल्या रात्री फक्त डबा उघडायचा आणि भिजत टाकायचा. रात्रभर भिजवायला ज्यांना चालत नाही, किंवा सकाळपर्यंत मोड दिसतो म्हणून नको वाटतं (इथल्या दमट उकाड्यात मुगाला आठ-दहा तासांत टोक फुटतं, आणि मोड आलेलं कडधान्य बऱ्याच घरात चालत नाही), त्यांनी गरम पाण्याचा उपाय करावा. पाणी खळखळ उकळायचं, कडधान्य त्यात टाकून झाकण घालून तासभर ठेवायचं, ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात कुकरला लावायचं. मूग, मसूर, अळसांदे, मटकी एवढ्यात मऊ होतात. हरभरा, वाटाणा, राजमा होत नाहीत, ते सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा, सकाळी भिजत टाकून संध्याकाळी जेवणाला.

पिठाची मर्यादा पण आहेच, थंडीत ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. बेसन-मूगपीठ किलोनं दळून ठेवू नका, डाळ ठेवा आणि दोन-तीन दिवसांपुरतं मिक्सरमधून काढा. इथल्या पावसात तसंही चौथ्या दिवशी पिठाला वास येतोच.

दुसरं द्विदल. डाळ किंवा बेसन आणि कच्चं दही-ताक एकत्र नाही. हा नियम प्रोटीनच्या बाबतीत फार आडवा येतो कारण बाहेरचे सगळे शाकाहारी प्लॅन 'डाळ आणि वाटीभर दही' यावरच उभे असतात. कुणी दही गरम करून मग वापरतात, ज्याच्या घरी जसं चालतं तसं. आम्ही सोपं केलं, दह्याला स्वतंत्र वेळ दिली. चार वाजता दही आणि फळ, त्यात डाळ नाही, बुंदी नाही, शेव नाही. डाळीच्या जेवणात दही नाही. एकदा असं वाटून टाकलं की डोकं लावावं लागत नाही, आणि चारची खारी पण आपोआप गेली.

तिसरं सूर्यास्त. जावेचं ऑफिस पणजीला, सुटतं साडेपाचला, शटल पकडून म्हापशाला घरी येईपर्यंत सव्वासहा-साडेसहा. जूनमध्ये चालून जातं, तेव्हा सूर्य सातच्या पुढं मावळतो, पण डिसेंबरच्या सुरुवातीला सहालाच अंधार. मग थंडीत ती काय करायची, ऑफिसातून निघताना केळीचे वेफर्स आणि एखादी मिठाई खाऊन घ्यायची आणि म्हणायची माझं जेवण झालं. प्रोटीन जवळजवळ शून्य, कॅलरी चारशे. याला एकच उपाय आहे, दुसरा डबा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ती दोन डबे नेते, दुसरा पाच वाजता ऑफिसातच खाते. डबा सकाळचाच असल्यामुळे पातळ नको, कोरडंच पाहिजे, गोव्याच्या हवेत ओली ग्रेव्ही संध्याकाळपर्यंत आंबते.

ग्रेव्ही, जिथं सगळं बिघडतं

कांदा काढला की भाजीला अंग राहत नाही. मग ते अंग आणायला आपण काय घालतो? काजू, खोबरं, मगज, साय, पनीर. आणि गोव्यात तर काजू दारात नि नारळ परसात. चार माणसांच्या एका 'जैन ग्रेव्ही'चा हिशेब केला: काजू ५० ग्रॅम, ओलं खोबरं १०० ग्रॅम, तेल चार मोठे चमचे. सगळं मिळून ११०० च्या वर कॅलरी, म्हणजे माणशी पावणेतीनशेच्या वर, आणि अजून भाजी पडायचीच आहे. कांद्याच्या ग्रेव्हीत कांद्यामुळे जाडी येते, तिथं कॅलरी फारशा नसतात. म्हणून मी तर म्हणते जैन माणसाचं वजन कांदा न खाल्ल्यानं वाढत नाही, कांद्याच्या जागी काय घातलं त्यानं वाढतं.

आता आमची ग्रेव्ही सांगते, चार माणसांना. दुधी ३०० ग्रॅम साल काढून तुकडे, तीन मोठे टोमॅटो, दोन्ही थोड्या पाण्यात शिजवून गार झाल्यावर वाटायचं. कढईत चार छोटे चमचे तेल, जिरं, हिंग नेहमीपेक्षा दुप्पट, आणि लगेच २० ग्रॅम बेसन घालून मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजायचं. इथं घाई केली तर ग्रेव्ही कच्ची लागते आणि मग माणूस पुन्हा काजूकडे वळतो. बेसनाचा रंग बदलला की वाटण ओतायचं, हळद, धणे-जिरे पूड, लाल तिखट, अर्धा चमचा सुंठ, मीठ. सुंठ चालते कारण वाळलेली असते, ओलं आलं नाही. दहा मिनिटं चांगली उकळू द्या, कडेला तेल सुटल्यासारखं दिसतं. माणशी ९० कॅलरी. यात दही घालू नका, बेसन आहे.

चवीचं म्हणाल तर कांदा-लसणाचा जो उग्रपणा असतो तो हिंगानं अर्धाच येतो. उरलेला अर्धा आम्ही इथं येऊन शिकलो, तिरफळं. गोव्यात मासळीत घालतात म्हणून आमच्या सासूबाई आधी हातच लावत नव्हत्या, पण ते झाडाचं फळ आहे, वाळवलेलं. चार-पाच तिरफळं, आतलं काळं बी काढून टाकायचं, थोडी ठेचून अळसांद्याच्या आमटीत शेवटच्या उकळीला घालायची, वाढताना काढून टाकायची. जास्त झाली तर जीभ बधिर होते. आंबटाला आमसूल, टोमॅटोचा कंटाळा आला की.

खोबरं पूर्ण बंद करायला लागत नाही, कोण करणार आहे गोव्यात. पण मोजा.

एक पूर्ण दिवस

सकाळी साडेसातला मूगडाळीच्या पिठाची धिरडी, ६० ग्रॅम पिठाची दोन होतात, कोथिंबीर-मिरची-ओवा घालून एक छोटा चमचा तेलावर, आणि एक कप उकळलेलं टोन्ड दूध. प्रोटीन २० ग्रॅम, कॅलरी पावणेचारशे. धिरडं तव्याला चिकटतं म्हणून लोक तेल ओततात, त्यापेक्षा पीठ भिजवून वीस मिनिटं ठेवा आणि तवा आधी पूर्ण तापवून मग आच कमी करा, सुटतं.

दुपारी एकला डब्यात ६० ग्रॅम अळसांदे किंवा मूग, घट्ट, दोन चपात्या, आणि दोडका, पडवळ, भेंडी जे असेल त्याची भरपूर भाजी, काकडीच्या फोडी. प्रोटीन २० ते २१, कॅलरी ५२०. भात नाही असं नाही, भात पाहिजे त्या दिवशी एक चपाती कमी.

चारला २०० ग्रॅम घरचं दही, सायीशिवायच्या दुधाचं, दूध उकळताना त्यात एक-दीड मोठा चमचा स्किम्ड दूध पावडर मिसळून लावलेलं. अशानं दही घट्ट लागतं आणि प्रोटीन सातावरून बाराच्या आसपास जातं. वर एक पेरू किंवा पपईची फोड. कॅलरी दोनशे.

सूर्यास्ताआधी सोया चंक्स, ४० ग्रॅम कोरडे, एक चपाती किंवा ज्वारीची भाकरी. चंक्स मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार पाण्यात टाकून तळहातात दोन वेळा घट्ट पिळा, सोयाचा जो वास लोकांना आवडत नाही तो त्या पाण्यातच जातो. मग सिमला मिरची-टोमॅटोबरोबर कोरडे परतायचे, मसाला घरचा, पाकिटातला नाही. प्रोटीन २५, कॅलरी ३८०.

बेरीज अठ्ठ्याहत्तर-ऐंशी ग्रॅम, १५०० च्या आत. तेल दिवसभरात चार-पाच छोटे चमचे यातच धरलंय.

सोया रोज नको, आठवड्यात तीन-चार वेळा बास, बाकी दिवशी पनीर. पण पनीर घरी करा, टोन्ड दुधाचं. एक लिटर टोन्ड दुधात ३० ग्रॅम फॅट असतं, म्हशीच्या फुल क्रीममध्ये ६० च्या घरात, आणि ते जवळपास सगळं पनीरमध्येच उतरतं. प्रोटीन दोन्हीकडे साधारण तेवढंच, लिटरमागे २५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्याच प्रोटीनला फॅट निम्मं. जरा कोरडं होतं हे कबूल, तळू नका, ग्रेव्हीत उकळा. उरलेल्या पाण्यात कणीक मळा. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सकाळी गोळी आणि सोया यात चांगलं चार तासांचं अंतर ठेवा, सोयामुळे गोळी नीट लागू होत नाही.

चपाती आणि डाळ एकाच घासात खाल्ली तरच प्रोटीन पूर्ण होतं असं अजून बरेच जण सांगतात. गव्हा-तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी हे बरोबर, पण दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरतं.

रोज तेच नको वाटतं तेव्हा

भाज्यांच्या यादीवर व्हरायटी शोधायला गेलात तर जैन ताटात लवकर संपते, त्यात वांगं, फ्लॉवर, कोबी पण कितीतरी घरात नाही. आम्ही फेरपालट कडधान्याची करतो, भाजी काय मिळेल ती. नियम एकच, एक कडधान्य तीन दिवसांत परत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलं की अळसांदे, कुळीथ, मूग, वाल सगळं मापानं मिळतं, त्यातले अळसांदे म्हणजे आपल्या चवळीचाच मोठा भाऊ पण चव वेगळी, मऊ शिजतात आणि आकार सोडत नाहीत, डब्याला उत्तम. सोमवारी अळसांद्याची तिरफळं घालून आमटी, मंगळवारी मसूर दुधीच्या ग्रेव्हीत, बुधवारी कुळथाची पिठी, गुरुवारी मुगागाठी. मुगागाठी ही इथली कांदा-लसूण नसलेलीच भाजी, मोड आलेल्या मुगाची करतात, आम्ही मोड न आणता नुसत्या भिजवलेल्या मुगाची करतो, आणि खोबरं अर्ध्या नारळाऐवजी चार जणांत ४० ग्रॅम. शुक्रवारी घट्ट चणाडाळ-पडवळ. शनिवार-रविवारी भिजायला वेळ असतो म्हणून हरभरा.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही. त्या दिवशी लोक पुऱ्या, श्रीखंड करून बसतात, म्हणजे महिन्यातून चार दिवस सगळा हिशेब पाण्यात. उलट हे दिवस प्रोटीनला सोपे आहेत कारण डाळ-कडधान्य-पीठ चालतंच. कुळथाची पिठी किंवा पिठलं, माणशी ५० ग्रॅम पीठ म्हणजे ११ ग्रॅम प्रोटीन, भाकरी, आणि दुधाचा कप. भाजी नसल्यामुळे पोट भरल्यासारखं वाटत नाही ही अडचण मात्र खरी आहे, त्या दिवशी आमटी मुद्दाम पातळ करून दोन वाट्या प्या, डाळ तेवढीच ठेवून.

चातुर्मासात पालेभाज्या बंद, आणि नेमक्या त्याच दिवसांत अख्खा गोवा अळमीच्या, म्हणजे रानातल्या अळंबीच्या मागे लागलेला असतो, ते आपल्याला नाही. पण दोडका, पडवळ, काकडी, भेंडी पावसात भरपूर असते. आणि चिबूड, पण गूळ-नारळाचा रस घालून नाही, नुसता.

पावडर आणि पाकिटं

पावडर लागतेच असं नाही. प्रवासात, लग्नसराईत, किंवा ज्यांना ९५ ग्रॅम गाठायचेत त्यांनी डब्यातल्या मापाचा एक मोठा स्कूप व्हे घ्यावी, साधारण १२० कॅलरीत २४ ग्रॅम. व्हे हे चीज बनवतानाचं उरलेलं पाणी, आणि चीज फाडायला जे रेनेट वापरतात ते जनावराचं पण असतं, त्यामुळे हिरवा ठिपका बघा आणि कंपनीला लिहून विचारा की रेनेट मायक्रोबियल आहे का. हिरवा ठिपका कांदा-लसूण-बटाट्याबद्दल काहीच सांगत नाही हे पण लक्षात ठेवा. मसाला ओट्स, मसाला सोया, भाजलेले चणे, यांत 'मसाले' एवढंच लिहिलेलं असलं की ठेवून द्या, बहुतेक कांदा-लसणाची पूड असते.

आणि एक, बी-१२ तपासून घ्या. अंडी-मासे नाहीत, दूध दोन कप, मग कमी निघायची शक्यता बरीच असते, थकवा आला की लोक डाएटला दोष देतात. डी-व्हिटॅमिनच्या मऊ कॅप्सूलचं बाहेरचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, डॉक्टरला सांगून गोळी किंवा पुडीतलं घ्या.

चाललंय की नाही कसं कळणार

पहिले दहा दिवस पोट फुगणार. ४१ ग्रॅमवरून थेट ८० वर उडी मारली जावेनं, मी नको म्हणत असताना, आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन, ताई हे काय करून ठेवलंत. कडधान्य ३० ग्रॅमपासून सुरू करा, दर तीन-चार दिवसांनी दहा-दहा वाढवा, भिजवलेलं पाणी टाकून द्या, ओवा-हिंग घाला, पाणी जास्त प्या.

वजन आठवड्यातून तीन सकाळी, उठल्या-उठल्या, आणि तिन्हीची सरासरी लिहायची. एकाच दिवसाचा आकडा धरू नका, उपवासाच्या दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो खाली दिसतो तो पाण्याचा असतो, पारण्यानंतर दोन दिवसांत परत येतो. कंबर बेंबीवरून, पंधरा दिवसांनी एकदा. वजन उतरतंय पण कंबर हलत नाही आणि जिना चढताना पाय गळतात, असं असेल तर चरबी नाही स्नायू जातोय, प्रोटीन परत मोजा, आणि आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा किंवा वजन उचलणं काहीतरी पाहिजेच, नुसत्या डाळीनं स्नायू टिकत नाही.

जावेचं पहिल्या चार आठवड्यांत दोन किलो उतरलं आणि मग पाचवा-सहावा आठवडा काटा जागचा हलेना. वही बघितली, सगळं बरोबर. मग एक दिवस सकाळी मी तिच्या शेजारी उभी राहिले. ती आडाळ्यावर नारळ खवत होती, थेट कढईवर, मोजणं वगैरे नाही, दुधीची भाजी झाली की 'वरून थोडं'. मी खाली ताटली सरकवली आणि काट्यावर ठेवली, ४२ ग्रॅम. ती भाजी तिच्या एकटीच्या डब्याची होती. दीडशे कॅलरी. संध्याकाळच्या भाजीवर पण तेवढंच. म्हणजे ठरवून कमी केलेल्या ४०० मधले ३०० खोबऱ्यानं परत केले होते, आणि वहीत लिहिलेलं 'दुधीची भाजी, १ वाटी'.

आता खोबरं आधी खवून वाटीत, माणशी एक मोठा चमचा, ८-१० ग्रॅम. सोळाव्या आठवड्याला ती ६८.६ वर होती, कंबर ९४ वरून ८७. मधे दशलक्षणात दहा दिवस तिनं एकाशन केलं. तेव्हा मी ८० चा आग्रह सोडून दिला, एका जेवणात जेवढं जाईल तेवढं, ३५-४० ग्रॅम, पोट दुखेपर्यंत कोंबायचं नाही. त्या दहा दिवसांत उठाबशा पण बंद ठेवल्या, नुसतं चालणं. पर्वानंतर मात्र पहिले तीन दिवस कडधान्य पुन्हा ३० ग्रॅमपासून. ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी एकाशन-उपवासाआधी डोसचं डॉक्टरशी बोलूनच ठेवा, उपवास ठरला आणि गोळी तशीच घेतली तर दुपारपर्यंत शुगर घसरते.